म्हापशाची ऑर्डर दर सहाव्या आठवड्याला का उसळते? (आणि ती कशी थांबवायची)

कुंडई, मडकई, पिसुर्ले किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थाचं लहानमोठं युनिट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुखणं ओळखीचं निघेल. एका आठवड्यात डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर एवढी येते की रविवारी कामगार बोलवावे लागतात. तीन आठवड्यांनी तोच माणूस निम्मीसुद्धा मागणी देत नाही, कढया थंड पडतात, आणि पॅकिंगच्या बायकांना लवकर घरी पाठवावं लागतं. मग पुन्हा उसळी. सेल्सवाला म्हणतो, ‘मार्केटच तसं आहे.’ मार्केट खरंच तसं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती.

मी फरसाणाच्या एका युनिटमध्ये उत्पादनाचं वेळापत्रक बघतो. उदाहरण तिथलंच घेतलं आहे: अर्ध्या किलोची चिवड्याची पाकिटं, एका पेटीत चोवीस, आणि बार्देश तालुक्यातली दुकानं सांभाळणारा म्हापशाचा एक डिस्ट्रिब्युटर. हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केले आहेत, पण उसळी-घसरणीचा आकार खराच आहे.

आधी बघा: उसळी दुकानात आहे की वाटेत तयार होते?

बहुतेक ठिकाणी हे तपासलंच जात नाही. कारखान्याकडे असते ती डिस्ट्रिब्युटरला केलेली विक्री, म्हणजे आपलीच बिलं. त्यात ग्राहक कुठेच नसतो. हवी आहेत ती डिस्ट्रिब्युटरने दुकानांना दिलेली बिलं. ती त्याच्या टॅलीत असतात, आणि आयटमवार, आठवडावार काढून द्यायला त्याला दहा मिनिटं पुरतात. फक्त मागताना ‘तुमचा हिशेब तपासायचाय’ असं म्हणू नका. ‘तुमच्याकडे माल कमी-जास्त का पडतो ते बघूया’ म्हणा.

सहा महिन्यांचे आठवडे एकाखाली एक मांडा. एका रकान्यात दुकानांना गेलेल्या पेट्या, शेजारच्या रकान्यात त्याने आपल्याला दिलेली ऑर्डर. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ज्या आठवड्यात त्याच्याकडे माल संपला होता त्या आठवड्यावर खूण करा. त्या आठवड्यातली कमी विक्री म्हणजे कमी मागणी नव्हे, दुकानदार रिकाम्या हाताने परत गेला होता. दुसरी, ‘ऑर्डर’ म्हणून त्याने मागितलेला आकडा घ्या, आपण पाठवलेला नको. आपण कमी पाठवलं असेल तर त्यात आपलाच दोष लपून बसतो.

मग एक्सेलमध्ये दुकानांची विक्री B रकान्यात आणि ऑर्डर C रकान्यात असेल तर एवढंच लिहायचं:

```
=VAR.S(C2:C27)/VAR.S(B2:B27)
```

उत्तर १ च्या आसपास आलं तर डिस्ट्रिब्युटर बाजारातला चढउतार जसाच्या तसा पुढे ढकलतो आहे, आणि तुमचं दुखणं दुसरीकडे आहे. उत्तर ४, ८, १० असं आलं तर चढउतार गोदामात तयार होतो आहे. आमच्याकडे दुकानांची विक्री आठवड्याला शंभर पेट्यांच्या आसपास दहा-बारा पेट्या इकडे तिकडे होती. ऑर्डर मात्र ६० पासून १४० पर्यंत झुलत होती. चिवडा खाणारी माणसं तीच, तेवढीच. हाच तो बुलव्हिप इफेक्ट: दुकानातली लहानशी हालचाल कारखान्यापर्यंत येता येता मोठी होते.

उसळ्यांमधलं अंतर मोजा

हा आकडा मोठा आला की लगेच डिस्ट्रिब्युटरला फोन लावायची घाई करू नका. ऑर्डरचा साधा आलेख काढा आणि दोन शिखरांमध्ये किती आठवडे जातात ते मोजा. कारण शोधायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

शिखरं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येत असतील तर दोष तुमच्या स्कीमचा आहे. महिनाअखेरीला ‘दहावर एक’ दिली की शहाणा माणूस पुढच्या पंधरा दिवसांचा माल आत्ताच उचलतो. फक्त चवथीच्या आणि दिवाळीच्या आधी येत असतील आणि मागोमाग परतीचा माल येत असेल, तर प्रकार वेगळा. त्याकडे पुढे येतो. पण शिखरं कॅलेंडरला जुमानत नसतील, एकदा महिन्याच्या मध्यात तर एकदा सुरुवातीला, आणि तरी त्यांच्यातलं अंतर मात्र ठरावीक असेल, तर तो ऑर्डर काढण्याच्या रीतीतला दोष असतो. आमचं अंतर सहा आठवडे होतं. पावसात सहा, मोसमात पर्यटक भरलेले असतानाही सहा. बाजार एवढ्या शिस्तीने वागत नाही.

सहा आठवडे आले कुठून?

डिस्ट्रिब्युटरच्या गोदामातला मुलगा ऑर्डर कशी काढतो ते विचारलं. त्याची रीत ऐकून कुणालाही ती बरोबरच वाटेल. गोदामात नेहमी दोन आठवड्यांचा, म्हणजे २०० पेट्यांचा साठा असावा. शनिवारी संध्याकाळी मोजणी करायची. आठवड्यात विकलं तेवढं मागवायचं. साठा २०० च्या खाली असेल तर तेवढी तूट वर घालायची, जास्त असेल तर तेवढं वजा करायचं. शनिवारी दिलेल्या ऑर्डरचा माल एक आठवडा सोडून पुढच्या आठवड्यात येतो, म्हणजे दोन आठवड्यांनी हाताशी लागतो.

आता समजा सगळं सुरळीत चाललं आहे, विक्री १००, साठा २००, ऑर्डर १००. एका आठवड्यात कुठल्याशा जत्रेमुळे १२० पेट्या जातात. त्यानंतर विक्री पुन्हा १०० वर, आणि कायम १०० वरच. म्हणजे सहा महिन्यांत बाजारात एकूण वीस पेट्यांची एकच हालचाल झाली. मुलाच्या रीतीने वहीत काय उमटतं ते बघा:

| आठवडा | विक्री | आलेला माल | शनिवारची शिल्लक | ऑर्डर |
|---|---|---|---|---|
| १ | १२० | १०० | १८० | १४० |
| २ | १०० | १०० | १८० | १२० |
| ३ | १०० | १४० | २२० | ८० |
| ४ | १०० | १२० | २४० | ६० |
| ५ | १०० | ८० | २२० | ८० |
| ६ | १०० | ६० | १८० | १२० |
| ७ | १०० | ८० | १६० | १४० |
| ८ | १०० | १२० | १८० | १२० |

सातव्या आठवड्यात पुन्हा १४०, आणि पुढेही तेच चक्र. हे कधीच विझत नाही. विक्री सपाट १०० असताना ऑर्डर १४०, १२०, ८०, ६०, ८०, १२० अशी फिरत राहते, पहिल्या वीस पेट्यांचं कारण विसरलं गेल्यावरही. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः एकदा ओळी भरून बघाच. माझ्या सांगण्यावर डिस्ट्रिब्युटरचा विश्वास बसला नव्हता, स्वतः वही भरल्यावर बसला.

चूक दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्या शनिवारी २० ची तूट दिसली, म्हणून विकलेल्या १२० वर २० घालून १४० मागवले. तूट भरण्याची तजवीज तिथेच झाली. पण तो माल अजून आलेला नाही, म्हणून दुसऱ्या शनिवारीही शिल्लक १८० च दिसते. मुलगा पुन्हा २० वर घालतो. एकाच खड्ड्यात दोनदा माती. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दोन्ही गाड्या आल्यावर साठा २४० होतो, मग तो हात आखडतो, आणि तो आखडलेला हातही दोनदा मोजला जातो.

मी विचारलं, ‘शेट, निघालेला पण न आलेला माल कुठे धरता?’ उत्तर आलं, ‘तो कागदावरचा माल. गोदामात उतरेपर्यंत आपला न्हय.’ व्यापारी म्हणून त्यांचं म्हणणं खोटं नाही. कारखान्यांनी त्यांना इतक्या वेळा ‘उद्या गाडी सुटते’ असं सांगितलंय की ते न दिसणारा माल धरायलाच तयार नसतात.

हा स्वभाव फक्त म्हापशाचा नाही. एमआयटीत ‘बिअर गेम’ नावाचा खेळ खेळवतात. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जणांची साखळी, आणि ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर जाऊन तिथेच थांबते. तरी कारखान्याकडे प्रचंड ऑर्डरी जातात आणि मग कोसळतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळातल्या ऑर्डरी तपासल्या तेव्हा मुख्य दोष हाच निघाला: लोक मागवलेला पण न पोचलेला माल हिशेबात पुरेसा धरत नाहीत. जे फॉरेस्टर यांनी तर १९५८ मध्येच दाखवून दिलं होतं की कारखान्यातले असे चढउतार बाहेरून येत नाहीत, साखळीची रचनाच ते निर्माण करते.

उपाय: वाटेवरचा माल शिलकीत धरा

लक्ष्य बदला. ‘गोदामात २०० हवेत’ ऐवजी ‘गोदामात आणि वाटेवर मिळून ४०० हवेत’ असं म्हणा: दोन आठवड्यांचा साठा आणि वाटेत असणारा दोन आठवड्यांचा माल. शनिवारी आधी मागवलेलं पण न आलेलं किती आहे ते वजा करून उरलेलं मागवायचं. शिल्लक B मध्ये आणि वाटेवरचा माल C मध्ये असेल तर शीटमध्ये एवढं पुरे:

```
=MAX(0, 400-B2-C2)
```

तोच १२० पेट्यांचा आठवडा घेऊया. पहिल्या शनिवारी शिल्लक १८०, वाटेवर १००, ऑर्डर १२०. दुसऱ्या शनिवारी शिल्लक अजून १८० च, पण वाटेवर १२०, म्हणून ऑर्डर १००. तिसऱ्या शनिवारी शिल्लक २००, वाटेवर १००, ऑर्डर १००. खेळ खलास. कारखान्याला वीस पेट्यांची एक उसळी दिसली, तीही खरी, कारण त्या खरोखर विकल्या गेल्या होत्या.

रीत बदलायला ‘सगळं शांत होईल तेव्हा’ अशी वाट बघू नका. या चक्रात शांत आठवडा येतच नाही. वरच्या तक्त्यात कुठल्याही शनिवारी उडी मारा. चौथ्या शनिवारी शिल्लक २४० आणि वाटेवर ८० असताना नवी रीत ८० सांगेल, पुढच्या शनिवारी १००, आणि त्याच्या पुढे साठा २०० वर टेकलेला असेल. सातव्यात, साठा सगळ्यात कमी असताना सुरू केलं तरी १२०, मग १००. दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

हे जिथे फसतं

‘वाटेवरचा माल’ हा रकाना ऐकायला सोपा आहे, भरायला नाही. आमच्याकडे सगळा गोंधळ अर्धवट पाठवलेल्या ऑर्डरींवरून झाला. डिस्ट्रिब्युटरने १०० मागवल्या, कारखान्याने तेल उशिरा आल्यामुळे ७० पाठवल्या. उरलेल्या ३० चं काय? कारखान्याच्या मते त्या रद्द, डिस्ट्रिब्युटरच्या मते येणार. तो ३० वाटेवर धरून बसला तर त्या कधीच येत नाहीत, आणि त्याचा साठा कायमचा ३० ने कमी पडतो. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात येतं, विश्वास उडतो, आणि तो पुन्हा डोळ्यांना दिसेल तेवढंच मोजायला लागतो. उलट कारखान्याने ३० पुढच्या गाडीत घातल्या आणि त्याने त्या परत मागवल्या असतील, तर दुप्पट माल.

म्हणून एकच नियम लिहून ठेवा, आणि तो बिलावर दिसू द्या. आम्ही ठरवलं: जे गाडीत चढलं नाही ते रद्द, आणि गाडी सुटल्यावर त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि रद्द झालेला असे दोन आकडे जातात. ‘उरलेलं पुढे पाठवू’ हाही नियम चालला असता. चालत नाही ती संदिग्धता.

दुसरी फसगत शिलकीची. दुकानांना कबूल केलेला पण न दिलेला माल शिलकीतून वजा करायचा. गोदामात १५० पेट्या आहेत, पण त्यातल्या ३० कळंगुटच्या दुकानांच्या नावावर बाजूला काढून ठेवल्या आहेत, तर शिल्लक १२०. मऊ पडलेली, फुटकी पाकिटंही शिल्लक नव्हेत, ती परतीची.

कुंडई ते म्हापसा दोन आठवडे?

कुंडईहून म्हापशाला टेम्पो तासाभरात पोचतो. मग दोन आठवडे कुठे जातात? ऑर्डर शनिवारी संध्याकाळी येते. सोमवारी ती टाइप होते, मंगळवारी माझ्या हाती लागते, तोवर चालू आठवड्याचं वेळापत्रक बांधलेलं असतं. माल पुढच्या आठवड्यात तळला जातो आणि त्या आठवड्याच्या गाडीने जातो. त्या दोन आठवड्यांत माल रस्त्यावर असतो एक तास. बाकी वेळ कागद वाट बघत असतो.

हा काळ कमी करणं किती कामाचं आहे ते गणितच सांगतं. मुलाची जुनी, चुकीची रीतच ठेवा, पण माल पुढच्याच आठवड्यात येऊ लागला असं धरा. पहिल्या शनिवारी शिल्लक १८०, ऑर्डर १४०. दुसऱ्या आठवड्यात १४० येतात, १०० जातात, शिल्लक २२० होते. मग २० ची कात्री लागते, ८० मागवले जातात, आणि तिसऱ्या शनिवारी साठा बरोबर २०० वर येऊन ऑर्डर १०० होते. म्हणजे एक छोटा हेलकावा, आणि शांत. तूट एका शनिवारी दिसली की पुढच्या शनिवारपर्यंत भरलेली असते. दोनदा मोजायला जागाच उरत नाही.

दोन आठवडे लागले तर हेलकावा विझत नाही, ते वर पाहिलं. आणि तीन आठवडे लागले तर तो वाढत जातो: तीच वीस पेट्यांची जत्रा दहाव्या आठवड्यात ऑर्डर २०० वर नेते आणि चौदाव्या आठवड्यात ती शून्यावर आणते. पावसाळ्यात घाटात गाड्या अडकून कच्चा माल उशिरा येतो, आपली डिलिव्हरी आठवडाभर पुढे सरकते, आणि नेमकं तेव्हाच डिस्ट्रिब्युटर ‘वेड्यासारखा वागतो’ असं वाटतं. तो नेहमीसारखाच वागत असतो, काळ लांबलेला असतो.

आम्ही एवढंच केलं की मोजणी शनिवारऐवजी गुरुवारी करायची, आकडा त्याच रात्री थेट उत्पादनाच्या ग्रुपवर टाकायचा, आणि पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक शुक्रवारी बांधायचं. सोमवार-मंगळवारी तळलेला चिवडा बुधवारच्या गाडीने जातो. नवी गाडी नाही, नवा माणूस नाही. काळ कमी झाल्यावर वाटेवरचा मालही कमी असतो, तेव्हा ४०० चं लक्ष्य ३०० वर आणायला विसरू नका, नाहीतर गोदामात एक आठवड्याचा माल उगाच पडून राहील.

तरी उरलेली उसळी: लक्ष्यच हलत असेल तर

काही डिस्ट्रिब्युटर हुशार असतात, वाटेवरचा माल धरतात, आणि तरी उसळतात. ते लक्ष्य दर आठवड्याला नव्याने काढतात: ‘गेल्या आठवड्याची विक्री गुणिले चार’. विक्री १०० वरून ११० झाली की लक्ष्य ४०० चं ४४० होतं. मग त्या आठवड्याची ऑर्डर ११० अधिक ४०, म्हणजे १५०. बाजारात दहा टक्के वाढ, ऑर्डरमध्ये पन्नास टक्के. आता कारखान्याचा प्लॅनरही तसाच, ‘गेल्या आठवड्याची ऑर्डर गुणिले तीन’ एवढा साठा ठेवणारा असेल, तर तो १५० अधिक ५० च्या तिप्पट, म्हणजे ३०० पेट्यांचं उत्पादन लावतो. पुढच्या आठवड्यात ऑर्डर ११० वर येते आणि त्याच हिशेबाने उत्पादन शून्य! दहा पेट्यांसाठी एक आठवडा तिप्पट काम, पुढचा आठवडा सुट्टी.

यावर औषध म्हणजे गेल्या एका आठवड्याऐवजी निदान पाच आठवड्यांची सरासरी. तीच वाढ दोघांनी पाच आठवड्यांच्या सरासरीने पाहिली तर डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर ११८ होते, आणि कारखान्याचं त्या आठवड्याचं उत्पादन १२९ च्या आसपास. कारखान्याने अंदाजासाठी डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरऐवजी दुकानांची विक्री वापरली तर १२४. म्हणजे मोठा फायदा सरासरीचा, विक्रीचे आकडे मिळवण्याचा त्यामानाने लहान. सॉफ्टवेअर विकणारे नेमकं उलट सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. किंमतही मोजावी लागते: सरासरी जितकी लांब, तितकं खऱ्या वाढीकडे उशिरा लक्ष जातं. ऑक्टोबरात पर्यटक यायला लागले की आम्ही सरासरीवर विसंबत नाही, लक्ष्य हाताने वर नेतो, आणि मे संपताना हातानेच खाली आणतो.

चवथीचा प्रकार वेगळा

चवथीच्या आधी फरसाणाची मागणी खरोखर वाढते. तो बुलव्हिप नव्हे, सण आहे. बिघाड सुरू होतो तो माल पुरत नाही आणि आपण ‘सगळ्यांना मागणीच्या निम्मे’ असं वाटायला लागतो तेव्हा. पहिल्या वर्षी लोक निम्म्यावर कुरकुरतात. दुसऱ्या वर्षी ज्याला १०० हव्यात तो २०० लिहितो. आपण त्या २०० खऱ्या मानून मसाला, बेसन, रोल भरून ठेवतो. चवथ झाली की अर्धी मागणी हवेत विरते, आणि जे गेलं त्यातलंही परत यायला लागतं. माटोळीचं सामान सुकायच्या आत परतीची टोपली दारात हजर.

इथे वाटेवरचा माल, सरासरी, काहीच कामाला येत नाही, कारण आकडाच खोटा लिहिलेला असतो. वाटप मागणीच्या प्रमाणात करणं थांबवा. गेल्या वर्षीच्या चवथीच्या चार आठवड्यांत परत आलेला माल वजा जाता ज्याने जेवढं विकलं, त्या प्रमाणात द्या, आणि हे महिनाभर आधी सगळ्यांना कळवा. फुगवून लिहिण्यात फायदा उरला नाही की लोक आपोआप खरं लिहितात. नव्या दुकानदारावर यात अन्याय होतो, हे खरं आहे. त्यांच्यासाठी उत्पादनाचा थोडा भाग वेगळा राखावा. सणाच्या मालाला पूर्ण परतीची हमी मात्र देऊ नका. परत घेण्याची हमी असलेला माणूस कधीच कमी मागवत नाही.

सुधारलं की नाही, कसं कळेल?

दोन महिने जाऊ द्या आणि तोच भागाकार पुन्हा काढा, सणाचे आणि माल संपलेले आठवडे वगळून. तो १ वर यावा असा हट्ट नको. गाडी भरून पाठवायची असते, कढई एकदा तापली की एकाच जातीचा माल तळणं परवडतं, म्हणून थोडी गोळाबेरीज राहणारच, आणि दीड-दोनच्या आसपास आकडा असेल तर त्यामागे लागून खर्च वाढवू नये. आकडा उतरला पण डिस्ट्रिब्युटरकडे माल संपण्याचे आठवडे वाढले, तर लक्ष्य कमी धरलंय. पंचवीस-तीस पेट्या वाढवा, आणि वाढवल्यावर निदान महिनाभर त्याला हात लावू नका. आकडा उतरलाच नाही तर गोदामात जाऊन शीटमधला वाटेवरच्या मालाचा रकाना बघा. बहुतेक वेळा तो गेल्या कित्येक शनिवारांपासून रिकामा असतो.